दोन नंबरची बॅट

गेल्या दिवाळीत सईसाठी बॅट आणली, ती चार नंबरची. सई तेव्हा दहा वर्षांची होती, उंची 134 सेंटिमीटर. दुकानात तिने बॅट हातात घेतली, दोनदा फिरवली आणि म्हणाली, "बाबा, छान आहे." दहा वर्षांचं पोर दुकानात कुठलीही बॅट छानच म्हणणार. शाळेचा गणवेश किंवा पावसाळी चपला घेताना आपण जो हिशोब करतो तोच मीही केला. वाढतं अंग आहे, दोन वर्षं तरी जायला हवी.

महिन्याभराने भाट्याच्या पुळणीवर ओहोटीच्या वेळी आम्ही खेळत होतो. ती दमून बसली तेव्हा बॅट माझ्या हातात आली आणि मुठीच्या रबराकडे माझं लक्ष गेलं. वरची चार बोटं रबर नवंकोरं होतं, जणू आजच दुकानातून आणलंय. त्याच्या खालचं सगळं घामाने आणि वाळूने काळपट झालेलं. म्हणजे महिनाभर पोरगी बॅट वरून चार बोटं सोडूनच धरत होती. बॅट तिच्या हाताला पेलत नव्हती आणि ते तिने मला सांगितलं नव्हतं, कारण बॅट बाबांनी आणलेली होती. त्या संध्याकाळी मला फार वाईट वाटलं.

खाली धरल्याने काय होतं ते मग नीट पाहिलं. मुठीचं मोकळं टोक पोटाला आणि हाताला अडतं, म्हणून बॅट सरळ मागे जात नाही, बाजूने वळून जाते. वरचा हात वजन उचलू शकत नाही, म्हणून खालचा हात ओढून मारतो आणि सरळ आलेला चेंडूही लेगला जातो. पुळणीवर ते चौकारासारखं दिसतं आणि आपण टाळ्या वाजवतो. सवय मात्र तिथेच लागते. तिचे सर म्हणाले, "ही सवय मोडायला जेवढे दिवस लावायची तेवढेच लागतात. आधी बॅट बदला."

बदलायची तर कुठली घ्यायची, हे विचारल्यावर त्यांनी मलाच उलट विचारलं, "ती कुठल्या चेंडूने खेळणार आहे?" सगळी खरेदी या प्रश्नापासून सुरू करायची असते हे मला तेव्हा कळलं. चेंडू ठरला की बॅटचं लाकूड ठरतं, आणि अंगावर काय घालायचं तेही ठरतं.

आपल्याकडे हा प्रश्न जरा अवघडच. शहरातल्या पोराचं मैदान एक आणि चेंडूही एकच. कोकणातलं पोर ओहोटीला पुळणीवर खेळतं, भातकापणी झाली की मळ्यात खेळतं आणि एरवी सड्यावर, कातळात. आम्ही लहानपणी झावळीच्या देठाची बॅट करून खेळलो तेही याच तीन जागांवर. पुळणीवर आणि मळ्यात साधा टेनिसचा चेंडू पुरतो. त्याचं वजन साठ ग्रॅमच्या आतच असतं. लागला तर चुरचुरतं, पण पोर पुन्हा उभं राहतं. स्पर्धांमधला हेवी टेनिस त्याच्या दीडपट-दुप्पट जड, आणि जांभ्यावर तो छातीपर्यंत उसळतो. सीझन बॉल, म्हणजे लेदरचा, ही तर वेगळीच गोष्ट. पुरुषांचा चेंडू 156 ते 163 ग्रॅमचा असतो, बायकांचा 140 ते 151 आणि तेरा वर्षांच्या आतल्या मुलांचा 133 ते 144. मुलांचा चेंडू आकारानेही थोडा लहान असतो. ही गोष्ट पुढे हेल्मेटच्या वेळी फार महत्त्वाची ठरली.

लेदरचा चेंडू सड्यावर खेळायला देऊ नका. जांभा कानशीसारखा असतो, पाच-सहा षटकांत चामडं खरवडून निघतं आणि शिवण उसवते. तो मॅटवर, सिमेंटच्या पट्टीवर नाहीतर मातीच्या खेळपट्टीवर वापरायचा. पावसाळ्यात नेट चालू असलं तर तिथे सिंथेटिक चेंडू असतो, कारण लेदर पाणी पितं आणि जड होतं. सिंथेटिक म्हणजे मऊ, असा समज बऱ्याच पालकांचा असतो. तसं नाही. जवळजवळ लेदरच्याच वजनाचे कडक सिंथेटिक चेंडू मिळतात आणि त्यांच्यासमोर लेदरला लागतं तेवढंच संरक्षण लागतं. चेंडू हातात घेऊन दाबून बघा. अंगठा आत जात नसेल तर हेल्मेटशिवाय पोराला उभं करू नका.

सई आठवड्यातून तीन दिवस सीझन बॉलच्या नेटला जाणार होती आणि रविवारी आमच्याबरोबर पुळणीवर. तेव्हा बॅट सीझनची हवी, हे ठरलं.

आता नंबर. एक ते सहा, मग हॅरो, मग फुल साइज, असे बॅटचे नंबर असतात. उंचीचा हिशोब आपल्या सव्वा-साडे-पावणेत अगदी नीट बसतो. सव्वाचार फुटांपर्यंत एक नंबर, साडेचारपर्यंत दोन, पावणेपाचपर्यंत तीन, पाच फुटांच्या जरा आत चार. पुढे दर तीन इंचांना एक नंबर चढतो आणि साडेपाच फुटांच्या आसपास हॅरो येते. कंपनीगणिक इंचभर इकडेतिकडे होतं. सई चार फूट पावणेपाच इंच, म्हणजे दोन नंबर. मी आणलेली चार नंबरची बॅट लांबीला जेमतेम दोन इंच जास्त होती. दोन इंचांनी काय होतं, असं मलाही वाटलं होतं. मग दोन्ही बॅटा वाण्याकडच्या काट्यावर ठेवल्या. चार नंबरची 1040 ग्रॅम भरली, दोन नंबरची 830. सत्तावीस किलोच्या पोरीच्या मनगटावर दोनशे ग्रॅमचा फरक, आणि तोही बॅटच्या खालच्या टोकाकडे.

म्हणून नंबर ही फक्त सुरुवात समजा. खरी परीक्षा वजनाची. सरांनी सांगितलेली तपासणी अशी. पोराने बॅट फक्त वरच्या हाताने मुठीच्या टोकाला धरायची, हात बाजूला खांद्याच्या रेषेत सरळ करायचा आणि आपण सावकाश दहा आकडे मोजायचे. टोक खाली झुकलं किंवा खांदा वर चढला तर बॅट जड आहे. सई लिहिते उजव्या हाताने पण खेळते डावखुरी, तेव्हा तिचा वरचा हात उजवा. चार नंबरची बॅट चौथ्या आकड्याला झुकली, दोन नंबरची दहापर्यंत टिकली. मग त्याच हाताने सावकाश सरळ ड्राइव्ह मारायला सांगा. बॅटचा चेहरा वाकडा झाला तर एक पायरी खाली या. दोन नंबरांच्या सीमेवरचं पोर अंगाने बारीक असेल तर लहानच नंबर घ्या. थोडी लहान बॅट वर्षभराने बदलावी लागते, एवढंच. मोठी बॅट वर्षभर वाकडं शिकवते.

लाकडाबद्दल एक सावधगिरी. पहिल्या बॅटला इंग्लिश विलो नको, काश्मीर विलो पुरे. ती थोडी जड असते, पण लहान नंबरात निवडून घेतली तर चालते. एकाच नंबरच्या चार बॅटा काट्यावर ठेवून सर्वांत हलकी उचला. काश्मीर विलोच्या नावाखाली पॉपलर गळ्यात पडायची भीती मात्र असते. पॉपलरच्या बॅटा टेनिसला ठीक, सीझन बॉलला चिरतात. चेहऱ्यावर जाड रंगीत आवरण असलं की लाकूड दिसतच नाही, म्हणून उघड्या चेहऱ्याची बॅट मागा. चेहऱ्यावर वरून खाली सरळ रेघा दिसल्या पाहिजेत. मूठ वेताची हवी आणि ती पात्यात उलट्या त्रिकोणासारखी खोल बसवलेली दिसायला हवी. टेनिसच्या स्पर्धांत पोरं वापरतात ती मागून कोरलेली, जाड कडांची बॅटही सीझनला चालत नाही, मोडते. आमच्याकडच्या मुलांना ती फार आवडते, म्हणून हे मुद्दाम लिहितोय.

नवी बॅट घरी आली की तेल आणि ठोकणं. तेल जवसाचं, आणि कच्चं. रंगाच्या दुकानात होड्या आणि दारं रंगवायला जे उकळलेलं तेल मिळतं ते नको, ते वर चिकट थर धरतं. चहाच्या चमच्याएवढं तेल फडक्याने चेहऱ्याला, कडांना आणि खालच्या टोकाला लावायचं. मुठीचा त्रिकोण आणि पुढची चिकटपट्टी सोडायची. बॅट आडवी, चेहरा वर करून रात्रभर ठेवायची, म्हणजे तेल टोकाकडे ओघळत नाही. दुसऱ्या दिवशी आणखी एक हलका हात. चेहऱ्यावर कारखान्यातूनच पारदर्शक पट्टी आली असेल तर तिथे तेल मुरतच नाही, कडा आणि टोकच बघायचं.

ठोकायला आम्ही जुना लेदरचा चेंडू मोज्यात घालून वापरला. पहिला अर्धा तास दारावर टकटक करावी इतकं हलकं, मग हळूहळू जोर वाढवत. कडांवर सरळ घाव घालायचा नाही, तिरका घालायचा, म्हणजे कड दबून गोल होते. टोकाच्या बुडावर आणि पाठीवर अजिबात नाही. सई आणि मी आठ संध्याकाळी पडवीत बसून वीस-वीस मिनिटं ठोकलं. आवाज बदलतो. सुरुवातीला ओल्या फळीसारखा ठप्प येतो आणि शेवटी मोकळा, टणक. मग जुन्या चेंडूने हळू थ्रो दिले. चेहऱ्यावर शिवणीचे खोल वळ उठले तर आणखी ठोका. आमच्या बॅटीवर कडेजवळ दोन उठले, म्हणून तिथे आणखी दोन दिवस दिले.

बॅट संपली की पालक बहुधा पॅडकडे वळतात, कारण पॅड घातले की पोर खेळाडू दिसतं. पैसे आधी हेल्मेटला ठेवा. दुसऱ्याचे पॅड वापरता येतात. दुसऱ्याचं हेल्मेट बसलं नाही तर ते घातल्यासारखं दिसतं, एवढंच.

पहिल्या दुकानात सईला जे हेल्मेट दाखवलं ते हलकं, चकचकीत होतं. आत बोटभर जाडीचा मऊ स्पंज. आतून उलटसुलट करून पाहिलं, कुठेही प्रमाणाचं लेबल नव्हतं. मी सरांनी दिलेला मुलांचा चेंडू खिशात घेऊन गेलो होतो. हेल्मेट टेबलावर ठेवलं आणि चेंडू वरचा छज्जा आणि ग्रिलची पहिली दांडी यांच्यामधल्या फटीला लावून दाबला. चेंडू सहज आत गेला. त्या जागी पोरीचा डोळा आणि गालाचं हाड असतं. मी हेल्मेट परत ठेवलं.

म्हणून लेबल बघायचं. हेल्मेटचं जे ब्रिटिश प्रमाण जगभर मानलं जातं त्याचा क्रमांक BS 7928:2013. त्याच्या आधीच्या प्रमाणात चेंडू ग्रिलमधून आत शिरतो का आणि ग्रिल चेहऱ्यावर आदळते का, हे वेगाने चेंडू मारून तपासलं जात नव्हतं. 2013च्या प्रमाणात ते तपासतात. त्यातही ही तपासणी पुरुषांच्या साडेपाच औंसाच्या चेंडूने आणि मुलांच्या पावणेपाच औंसाच्या चेंडूने अशी वेगवेगळी होते. मुलांचा चेंडू लहान, म्हणून मोठ्या चेंडूला अडवणारी फट लहान चेंडूला वाट देऊ शकते. तेव्हा क्रमांक बघून थांबू नका, ते हेल्मेट मुलांच्या चेंडूने तपासलंय असं लेबलवर लिहिलेलं आहे का तेही वाचा. दोन्ही चेंडूंचा उल्लेख असेल तर उत्तम, कारण आपल्याकडे लहान मुलांनाही कित्येकदा मोठ्याच चेंडूने खेळवतात. खिशातल्या चेंडूने दाबून पाहणं ही आपली घरगुती चाळणी. त्यात नापास झालेलं हेल्मेट नक्की वाईट, पण पास झालं म्हणून ते चांगलंच असं नाही. हाताचा जोर आणि चेंडूचा वेग यांत फार अंतर आहे.

माप शिंप्याच्या टेपने घ्यायचं, भुवयांच्या बोटभर वर, डोक्याभोवती आडवं. सईचं 52 सेंटिमीटर भरलं. मग कंपनीचा तक्ता बघायचा, कारण प्रत्येकीचं 'स्मॉल' वेगळं असतं. इथेही वाढत्या अंगाचा हिशोब नको. हेल्मेट घालून, पट्टा न लावता, पोराला मान जोरात हलवायला सांगा, हो-हो आणि नाही-नाही. हेल्मेट डोक्याबरोबर हललं पाहिजे, डोक्यावर फिरता कामा नये. छज्जा भुवयांच्या जरा वर, आडव्या रेषेत हवा. पुढे झुकला तर पोर चेंडू बघायला मान वर करतं. मग हनुवटीचा पट्टा लावा, आत एक बोट जाईल इतका.

मुलींच्या आईवडिलांसाठी एक गोष्ट. सई दुकानात केस वर बांधून गेली होती. त्या झुपक्यामुळे हेल्मेट मागून उचललं जात होतं आणि आम्ही एक माप मोठं मागायला निघालो होतो. तिच्या आईने तिथेच केस सोडवून मानेपाशी सैल वेणी घातली आणि लहान माप नीट बसलं. सामन्याला जशी वेणी घालणार तशीच घालून हेल्मेट घ्यायला जा.

मानेच्या मागचं संरक्षक जोडलेलं असेल तर घ्याच. नोव्हेंबर 2014 मध्ये सिडनीत फिलिप ह्यूजला चेंडू लागला तो हेल्मेटच्या खाली, मानेला, आणि दोन दिवसांनी तो गेला. त्यानंतर मानेच्या या भागाकडे सगळ्यांचं लक्ष गेलं. लहान मुलं उसळत्या चेंडूला पाठ फिरवतात, म्हणून त्यांना ते जास्तच हवं.

आपल्या खाऱ्या हवेत स्टीलची ग्रिल गंजते, विशेषतः रंगाचा टवका उडाला तिथे आणि स्क्रूच्या मुळाशी. महागातलं टायटॅनियम गंजत नाही, पण पहिल्या हेल्मेटला त्याची गरज नाही. खेळून आलं की कोरड्या फडक्याने पुसायचं आणि महिन्यातून एकदा स्क्रू हलतात का बघायचे. हेल्मेटला जोरात चेंडू बसला की ते बदलायचं, बाहेरून चीर दिसली नाही तरीही. आतलं फोम एकदा दबलं की पुढच्या वेळी तो मार झेलत नाही.

बाकीचं पटकन सांगतो. मुलांना गार्ड पहिल्या दिवसापासून हवं, हेवी टेनिसलाही, आणि ते नुसतं चड्डीत खोचायचं नाही, त्याच्या पट्ट्याच्या चड्डीत बसवायचं. मुलींसाठी वेगळ्या घडणीचं मिळतं, तेही घ्या. ग्लोव्हज घेताना पोर उजव्या हाताने खेळतं की डाव्या, ते दुकानदाराला आधी सांगा. खालच्या हाताचा अंगठा आणि पहिली दोन बोटं चेंडूच्या वाटेत असतात, म्हणून त्या हातमोज्याला तिथे जास्त कवच असतं. डावखुऱ्याला उजव्याची जोडी दिली तर ते कवच भलत्याच हातावर जातं. सईची जोडी रत्नागिरीत मिळाली नाही. आंबा घाट चढून कोल्हापूरला जावं लागलं. बोटांच्या पुढे नखभर जागा ठीक, त्याहून जास्त असली तर मूठ नीट आवळत नाही. पॅडमध्ये गुडघा बरोबर गुडघ्याच्या घडीत बसतो का, एवढंच बघा. मग दुकानातच पोराला दहा पावलं पळवा. पॅड मोठे असले तर वरची टोकं मांड्यांवर आपटतात आणि पाय एकमेकांत अडकतात. मांडीचं पॅड पुढच्या पायाला, पहिल्या वर्षी नसलं तरी चालेल. पॅड सईला तिच्या मामेभावाचे मिळाले. एक पट्टा सुटला होता, तो चांभाराकडून शिवून घेतला.

पहिला पाऊस आला तसं नेट बंद झालं. मग खरी काळजी सुरू. बॅट प्लास्टिकच्या पिशवीत घालायची नाही, आत ओल साचून बुरशी धरते. जमिनीवर टेकवून ठेवायची नाही, कोब्याची ओल टोकातून वर चढते. चुलीजवळ किंवा उन्हात तापलेल्या गाडीतही नाही, लाकूड सुकून तडकतं. आम्ही ती जुन्या सुती पिशवीत घालून कपाटाच्या वरच्या फळीवर आडवी ठेवली. पॅड आणि ग्लोव्हज हवा लागेल अशा जागी दोरीवर टांगले आणि ऊन पडेल त्या दिवशी पडवीत काढले.

परवा पाऊस सरला म्हणून बॅट खाली काढली. टोकावरून अंगठा फिरवला. ओल पिऊन टोक फुगलं की चेहऱ्याच्या कडेला बारीक उंचवटा लागतो. तसा काही लागला नाही. तेलाचा एक हलका हात दिला. सईने ती उचलली, उजव्या हाताने, बाजूला सरळ, आणि मी न सांगता स्वतःच आकडे मोजायला लागली. पंचवीसपर्यंत गेली. आता ती साडेचार फुटांना टेकली आहे, पुढच्या महिन्यात तीन नंबर बघायला जाऊ. ही बॅट शेजारच्या गुरवांच्या आठ वर्षांच्या पोराला हवी आहे. त्याला म्हटलं, आधी इकडे ये, हात सरळ कर आणि दहा मोज. सातव्या आकड्याला टोक झुकलं. त्याच्या आईला सांगितलं, त्याला अजून एक नंबरच हवी, ही बॅट वर्षभर आमच्या कपाटात राहील.